काचेआडचं मानपत्र : फोटोतली खिडकी काढण्याच्या नोंदी

राजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझ्या आजोबांचं मानपत्र टांगलेलं आहे. ते निवृत्त झाले तेव्हा गावकऱ्यांनी दिलेलं. छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेला जांभळा मजकूर, भोवती सोनेरी नक्षीची चौकट, खाली शाईच्या सह्या. फ्रेमची काच आतून साधारण ३८ सेंटिमीटर रुंद आणि ५१ उंच. कोकणातल्या दमटपणाने कागद जागोजागी काचेला चिकटला आहे, त्यामुळे काच काढायची सोय नाही. बळेच काढली तर शाई काचेबरोबर येईल. फ्रेम पट्ट्या मारून भिंतीत पक्की केली आहे आणि समोरच्याच भिंतीत मोठी खिडकी आहे. मानपत्राचा फोटो काढायला गेलं की ती काचेत दिसते. शाळा दिवसाच उघडी असते, म्हणून रात्री दोन दिवे लावून फोटो काढण्याचा सोपा मार्ग बंद. तुम्हाला तो मोकळा असेल तर पुढचं वाचण्याची फारशी गरज नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळची शाळा. मुख्याध्यापकांनी आधीच सांगितलं, "फोटो हवे तेवढे काढा, पण फ्रेमला हात नको. मागे रंगकामाच्या वेळी काढायला गेलो तर कोपऱ्यात कागद टरकला." कोपरा पाहिला, खरंच टरकला आहे.

जुना डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड. कॅमेरा काचेपासून दीड मीटरवर ठेवला की फ्रेम चित्रात बरोबर भरते. एफ ८, आयएसओ १००, पाव सेकंद. मानपत्राच्या मधोमध खिडकी दिसते आहे, गजांसकट. गजांच्या काळ्या पट्ट्यांमध्ये मजकूर स्वच्छ वाचता येतो आणि दोन गजांच्या मध्ये नुसता पांढरा उजेड.

हे इतकं का होतं, याचं गणित एकदा करून ठेवतो. साधी काच समोरून पाहिली तर एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरवते, दोन्ही पृष्ठभागांचे मिळून ८ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खिडकीतून दिसणारं आभाळ खोलीतल्या कागदापेक्षा सहज ४०-५० पट उजळ असतं. त्याचे ८ टक्के म्हणजे कागदाच्या तिप्पट-चौपट उजेड, आणि तो कागदाच्या स्वतःच्या उजेडात मिळवला जातो. "मिळवला जातो" हेच या सगळ्या कामातलं महत्त्वाचं. प्रतिबिंब काही झाकत नाही, ते भर घालतं. त्यामुळे एकाच जागेचे दोन फोटो असतील तर ज्यात ती जागा गडद दिसते, तो फोटो खऱ्याच्या जास्त जवळ.

म्हणून कॅमेरा डावीकडे ४० सेंटिमीटर सरकवून तेच पुन्हा टिपलं. प्रतिबिंबही डावीकडे सरकलं. उजवीकडे सरकायला कपाट आड आलं. उंचावरून घ्यावा म्हणून स्टूल मागितलं, पण स्टुलावर ट्रायपॉड डुगडुगत होता. साडेदहाला घंटा झाली आणि खोली बंद करायची वेळ आली.

मित्राने दिलेला पोलरायझर फिल्टरही लावून पाहिला. समोरून काहीच फरक पडत नाही, कारण काचेवरून थेट परत फिरलेला प्रकाश ध्रुवित होत नाही. तो पुरता ध्रुवित होतो साधारण ५६ अंशांच्या तिरक्या कोनात. तेवढ्या तिरक्याने पाहिलं तर चौकट जवळपास निम्म्या रुंदीची दिसते आणि लांबची कड फोकसमधून जाते. शिवाय त्या कोनात काचेत खिडकी दिसतच नाही, बाजूची भिंत दिसते. म्हणजे फिल्टरला काम उरलंच नाही. तो परत केला.

१२ ऑक्टोबर

आधी हे पाहिलं की कुठे काय वाचवता येईल. गिम्पमध्ये रंग उचलायच्या साधनाने प्रतिबिंबाच्या मधोमध आकडे पाहिले : २५५, २५५, २५५, म्हणजे तिन्ही रंग कमाल मर्यादेला. सेन्सर तिथे भरून वाहिला आहे. कागद किती उजळ होता याची काहीच नोंद उरलेली नाही, आणि कुठलाही कर्व्ह किंवा स्लायडर ती परत आणणार नाही. कडेच्या भागात, जिथे भिंतीचं फिकट प्रतिबिंब आहे, तिथे आकडे १९०-२३०. तिथे नुसता पडदा आहे, माहिती शाबूत आहे. हे काम हातात घेणाऱ्याने पहिल्यांदा हे आकडे पाहावेत. एकच फोटो हाती असेल आणि मजकुराच्या जागी तिन्ही आकडे २५५ असतील, तर तिथला मजकूर गेला.

मोह होतो तो क्लोन करून अक्षरं बसवण्याचा. छापखान्याचे खिळे असल्यामुळे एक "म" दुसऱ्या "म"सारखाच असतो, उचलून ठेवला तर कुणाला कळणारही नाही. पण मग ते मानपत्राचा फोटो राहत नाही, मी जुळवलेला मजकूर होतो. कोऱ्या कागदावरचे डाग क्लोनने पुसायला माझी हरकत नाही. अक्षर आणि सही यांना हात लावायचा नाही, हे ठरवून टाकलं.

आता दोन फोटोंतलं कमीत कमी घ्यायचं. डावीकडून घेतलेला फोटो तिरका आहे, म्हणून तो गिम्पच्या `Perspective` साधनाने सोनेरी चौकटीचे चार कोपरे जुळवून सरळ केला, समोरच्या फोटोवर लेयर म्हणून ठेवला आणि लेयरचा मोड `Darken only` केला. इमेजमॅजिकच्या कमांडने करायचं असेल तर जुळवलेल्या दोन फाइलींवर हे चालतं :

```
magick samor.png dava.png -evaluate-sequence min min.png
```

पहिल्याच फटक्यात खिडकीचा मोठा भाग गेला. पण पूर्ण नाही. डाव्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर चारेक सेंटिमीटर रुंदीची उभी पांढरी पट्टी राहिली. मधल्या सगळ्या ओळींची पहिली अक्षरं त्यात गेली.

१३ ऑक्टोबर

पट्टी का राहिली ते कागदावर मांडलं. खिडकी काचेपासून ४ मीटर दूर, १२० सेंटिमीटर रुंद. आरशातल्यासारखी ती काचेमागे ४ मीटरवर आहे असं धरायचं. कॅमेरा दीड मीटरवर असताना काचेवर तिची रुंदी १२० × १.५ ÷ ५.५, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर. कॅमेरा ४० सेंटिमीटर सरकवला तर प्रतिबिंब काचेवर ४० × ४ ÷ ५.५, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर सरकतं. ३३ मधून २९ गेले, ४ उरले. तीच ती पट्टी, दोन्ही फोटोंत पांढरी. कॅमेरा अर्ध्या मीटरने सरकवला असता तर ती उरली नसती. जाण्याआधी हे दोन भागाकार करून घ्यावेत. खिडकी जितकी लांब तितकं कमी सरकून भागतं, आणि खिडकी अगदी जवळ असेल तर या पद्धतीचा नाद सोडलेला बरा.

दुसरा त्रास जास्त वेळखाऊ निघाला. फोटो मोठा करून पाहिला तर मधल्या ओळींत अनुस्वार दोन-दोन दिसत होते आणि काने जाडजूड झाले होते. कमीत कमी घेण्याच्या पद्धतीत जुळणी चुकल्याची हीच खूण. दोन्ही फोटोंतलं काळं टिकतं, म्हणून चुकीच्या जागी बसलेलं अक्षर पुसट होत नाही, दुसऱ्या अक्षराच्या शेजारी ठळक उभं राहतं. चौकटीचे कोपरे तर केसभरही हललेले नव्हते. मग मध्येच का?

कारण कागद सपाट नाही. काही ठिकाणी तो काचेला चिकटला आहे, काही ठिकाणी फुगून मागे गेला आहे. तीन मिलिमीटरचा फुगवटा, कॅमेरा ४० सेंटिमीटर सरकलेला, अंतर १५० : ३ × ४० ÷ १५० म्हणजे ०.८ मिलिमीटर. माझ्या फोटोत मिलिमीटरला नऊएक पिक्सेल पडतात, म्हणजे सात पिक्सेलची चूक. कान्याची जाडी त्याहून कमी आहे. चार कोपऱ्यांच्या जुळणीने हे सुटणं शक्यच नव्हतं. डावा फोटो ओळींप्रमाणे आडव्या तुकड्यांत कापला, प्रत्येक तुकडा आधी अर्धपारदर्शक करून हाताने सरकवून बसवला आणि मग मोड बदलला. रात्रीचे चार तास गेले, पण अनुस्वार एकेक झाले.

१५ ऑक्टोबर

काल उजेडात पाहिल्यावर सोनेरी चौकट बिघडलेली दिसली. कुठे सोनेरी, कुठे चॉकलेटी, ठिगळं लावल्यासारखी. सोनेरी शाई स्वतःच चकाकते. तिचा उजळपणा कागदासारखा सगळीकडून सारखा दिसत नाही, समोर काय आहे त्यावर ठरतो. दोन जागांवरून घेतलेल्या फोटोंत तो वेगळा आला आणि `Darken only` ने प्रत्येक ठिकाणी त्यातला काळपट भाग उचलला. चकाकी काढायला गेलो आणि हवी होती ती चकाकीही निघाली.

नशिबाने समोरच्या फोटोत प्रतिबिंब चौकटीपर्यंत पोचलेलं नाही. चौकट कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत आहे आणि प्रतिबिंब अडीच सेंटिमीटरपासून सुरू होतं. तेव्हा चौकटीपुरता मास्क लावून ती समोरच्या एकाच फोटोतून घेतली. सोनेरी किंवा रुपेरी शाई, मोहोर, वर्ख असेल तिथे कमीत कमी घेऊ नये, एकच फोटो निवडावा.

पांढरी पट्टी तशीच आहे. सुट्टीनंतर पुन्हा जायला लागणार. सरांना फोन केला, ते म्हणाले, "दिवाळीची सुट्टी संपू द्या, मग शनिवारी या. आणि या वेळी जरा लवकर या हो."

१९ ऑक्टोबर

घरी तालीम. हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर एक जुनी फ्रेम टांगली, आत कॅलेंडरचं पान.

पहिला विचार खिडकीच झाकण्याचा होता. शाळेतली खिडकी सव्वा मीटर, बाहेरून जाळी, आत खिळे ठोकायची परवानगी मिळेलसं वाटत नाही. मग लक्षात आलं की झाकायची आहे ती खिडकी नव्हे, कॅमेऱ्याला काचेत जे दिसतं ते. कॅमेऱ्याच्याच जागी उभं केलेलं कापड फ्रेमच्या दुप्पट लांब-रुंद असलं की पुरतं. ३८ ची दुप्पट ७६, ५१ ची दुप्पट १०२. चहूबाजूंनी थोडं जास्त धरून एक मीटर बाय सव्वा मीटर काळं कापड. हे गणित अंतरावर अवलंबून नाही, कॅमेरा जवळ असो की लांब, कापड कॅमेऱ्याच्या रेषेत असेल तर दुप्पटच. दोन बांबूच्या काठ्यांवर कापड ताणलं आणि मध्ये लेन्सपुरतं भोक पाडलं.

कापड अस्तराचं घेतलं होतं, स्वस्त मिळालं. मागून खिडकीचा उजेड आला तसं ते आरपार चमकायला लागलं आणि काचेत करड्या रंगाचा पडदा उभा राहिला, विणीच्या ठिपक्यांसकट. डोळ्यांनी कापड काळंच दिसत होतं, फोटोत कळलं. त्याची घडी घालून दुहेरी केलं तेव्हा थांबलं. जाड काळं कापड आणायचं असेल तर दुकानात ते दाराच्या उजेडासमोर धरून पाहावं.

दुसरा प्रयोग वजाबाकीचा. कापडाने सगळं भागलं नाही तर हाताशी असावा म्हणून. कॅमेरा पक्का, सगळं मॅन्युअल. एक फोटो नेहमीच्या उजेडात. दुसरा फोटो तसाच, फक्त बाजूने एलईडीचा दिवा लावून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की खोलीचा उजेड आणि खिडकीचं प्रतिबिंब दोन्ही जातात, कारण ते दोन्ही फोटोंत सारखेच आहेत. उरतो तो फक्त दिव्याने उजळलेला कागद. दिवा मात्र काचेत दिसेल अशा जागी नको. मी तो भिंतीशी तीसेक अंशांचा कोन होईल असा बाजूला ठेवला.

कॅमेऱ्याच्या जेपीईजीवर वजाबाकी केली तर खिडकी भुतासारखी पुसट उरली. जेपीईजीतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, उजळ भाग दाबलेला असतो. त्यामुळे कागदावर दिव्याने घातलेली भर प्रतिबिंबाच्या जागी कमी मोजली जाते. कमीत कमी घेताना हे अडलं नव्हतं, कारण तिथे फक्त कमी कोण ते पाहायचं असतं. वजाबाकीला रॉ फाइलच लागते, तीही कर्व्ह न लावता उघडलेली :

```
dcraw -4 -T -w off1.nef on.nef off2.nef
```

`-4` ने सोळा बिटांची, प्रकाशाच्या प्रमाणात असलेली फाइल मिळते, `-T` ने टिफ.

त्या फाइलींवरही पहिल्यांदा खिडकीची कड उरली. दोन फोटोंच्या मध्ये ढग सरकला होता, म्हणजे खिडकीच बदलली होती. म्हणून दिवा बंद, चालू, बंद असे लागोपाठ तीन घेतले आणि दोन बंदांची सरासरी वजा केली. उजेड एका दिशेने हळूहळू बदलत असेल तर सरासरीत तो जुळतो. भराभर ढग जात असतील तर थांबावं.

```python
import cv2, numpy as np
r = lambda f: cv2.imread(f, -1).astype(np.float32)
d = r("on.tiff") - (r("off1.tiff") + r("off2.tiff")) / 2
d = np.clip(d, 0, None)
np.save("diva.npy", d)
out = np.clip(d / np.percentile(d, 99.5), 0, 1) ** (1/2.2)
cv2.imwrite("diva.png", (out * 65535).astype(np.uint16))
```

एका ठिकाणी वजाबाकीनंतर काळा ठिपका आला. तिथे दोन्ही फोटो भरून वाहिले होते, आणि ६५५३५ मधून ६५५३५ गेले की शून्य. काळा डाग दिसला की एक्सपोजर कमी करून पुन्हा टिपायचं, एवढाच अर्थ. डाग नंतर उजळवण्यात काही हशील नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सात वाजता शाळेत. काठ्या धरायला सातवीतली दोन मुलं मिळाली, दोघांनाही हे काय चाललंय ते कळेना. "काका, फोटो फ्रेमचा काढताय की कापडाचा?" त्यांचे गणवेशाचे पांढरे शर्ट कापडाच्या बाजूने डोकावत होते आणि काचेच्या दोन्ही कडांना फिकट पट्टे पडत होते. त्यांना कापडाच्या मागे उभं केलं. मी स्वतः गडद शर्ट घालून आलो होतो.

कापड लागलं आणि खिडकी गेली. जिथे महिनाभर पांढरी पट्टी पाहत होतो तिथे ओळींची सुरुवात दिसली. त्यातल्या पहिल्या ओळीची सुरुवात माझ्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली. अक्षरं क्लोन केली असती तर चुकीची बसवली असती.

पण खाली उजवीकडे, सह्यांच्या वर, एक नागमोडी उजळ रेघ होती. कापड इकडेतिकडे हलवलं, खाली लोंबवलं, रेघ जागची हलेना. बाजूचं दार लोटल्यावर ती मंदावली. म्हणजे दाराचा उजेड. माझ्या गणिताप्रमाणे दार काचेत दिसायलाच नको होतं, पण गणित सपाट काचेचं होतं. ही काच जुनी, किंचित लाटा असलेली आहे. तिरकं पाहिलं तर तिच्यातली सरळ रेघ वाकडी दिसते. लाटेचा उतार दाराकडे वळलेला, म्हणून तेवढ्या जागेत दार शिरलं. दार पूर्ण बंद होत नाही, आणि पोषण आहाराच्या मावशींची ये-जा तिथूनच. जुन्या काचेसाठी दुप्पट कापड पुरत नाही, अडीचपट घ्यावं, आणि तरीही असा एखादा कवडसा उरू शकतो.

मग वजाबाकी. सरांनी त्यांच्या टेबलामागचा प्लग दिला. बंद-चालू-बंद, दिवा डावीकडे. मग दिवा उजवीकडे नेऊन तेच. एक्सपोजर पहिल्या खेपेपेक्षा दोन स्टॉप कमी, रेघ भरून वाहू नये म्हणून. शेवटी काचेवर पांढरं कार्डशीट धरून दोन्ही दिव्यांत तीच मालिका. कार्डशीटचं कारण पुढे येईल. मावशींना तेवढा वेळ दार ओलांडू नका म्हणून विनंती केली. त्या म्हणाल्या, "भात करपला तर तुम्ही सांगा हां पोरांना."

आभाळ निरभ्र होतं, हा मोठाच फायदा.

९ नोव्हेंबर

वजाबाकीत नागमोडी रेघ पूर्ण गेली. तिच्या जागी थोडा दाणा जास्त दिसतो, कारण प्रतिबिंब वजा झालं तरी त्याच्यासोबत आलेला गोंगाट वजा होत नाही. छपाईच्या आकारात तो डोळ्यांत भरत नाही. तसा भरला असता तर प्रत्येक मालिका अनेकदा घेऊन सरासरी काढावी लागली असती.

नवीन अडचण दिव्याची. डावीकडून दिवा, म्हणून डावा भाग उजळ आणि उजवा मंद. त्यासाठीच कार्डशीट. कार्डशीट सगळीकडे सारखं पांढरं असतं, तेव्हा त्याच्या फोटोत जो चढउतार दिसतो तो निव्वळ दिव्याचा. त्याचीही तशीच वजाबाकी करून त्या चित्राने मानपत्राच्या चित्राला भागलं. दोन्ही चित्रं आधी उजळवलेल्या पीएनजीतून नव्हे, कर्व्ह न लावलेल्या मूळ आकड्यांतून घ्यायची, म्हणूनच वरच्या कोडमध्ये `diva.npy` वेगळी ठेवली आहे. भागण्याआधी कार्डशीटचं चित्र बरंच धूसर केलं, नाहीतर त्याचा पोत मानपत्रावर उमटतो.

हे झाल्यावर डाव्या कडेला काळी उभी सावली ठळक झाली. फ्रेमची लाकडी पट्टी खोल आहे, दिवा तिरका, तेव्हा पट्टीची सावली कागदावर पडणारच. कार्डशीट पट्टीच्या वर टेकलेलं होतं, त्यावर सावली नव्हती, म्हणून भागाकाराने ती जाईना. उजवीकडच्या दिव्याच्या फोटोत डावी कड स्वच्छ आणि सावली उजवीकडे. म्हणून दोन्ही भागलेल्या चित्रांतलं या वेळी जास्तीत जास्त घेतलं. प्रतिबिंब भर घालतं म्हणून कमीत कमी, सावली वजा करते म्हणून जास्तीत जास्त. कॅमेरा हललेला नव्हता, त्यामुळे जुळणीचा प्रश्नच आला नाही. ऑक्टोबरमधले चार तास आठवले.

१६ नोव्हेंबर

शेवटची जुळणी. मजकूर आणि सह्या वजाबाकीच्या चित्रातून. सोनेरी चौकट पुन्हा त्रास देत होती : कॅमेऱ्याभोवती काळं कापड, तेव्हा सोन्याच्या शाईला परावर्तित करायला काळंच होतं, चौकट तपकिरी आली. ती ११ ऑक्टोबरच्या समोरच्या फोटोतूनच घेतली. दोन खेपांत कॅमेरा एकाच जागी नव्हता, म्हणून चार बाजू चार वेगवेगळ्या तुकड्यांत जुळवल्या. चौकटीच्या आतल्या कडेला मास्क तीसेक पिक्सेल मऊ ठेवला. रंगाचा मेळ बसवायला चौकटीलगतचा कोरा कागद दोन्हीकडे एकाच आकड्यावर आणला. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळट, त्यामुळे एवढं करावंच लागलं.

फोटोत एक गोष्ट उरली आहे आणि ती तशीच ठेवली. जिथे कागद काचेला चिकटला आहे तिथे तो ओला असल्यासारखा गडद दिसतो, कारण मधला हवेचा थर नाही. तो प्रतिबिंबाचा दोष नाही, मानपत्राची आजची अवस्था आहे. कोपऱ्यातला टरकलेला भागही तसाच.

खर्च : अस्तराचं कापड आणि काठ्या मिळून तीनशेच्या आत, एलईडी फ्लडलाइट साडेसहाशे, कार्डशीट तीस रुपये, बाकी एसटीचं भाडं. सॉफ्टवेअर सगळं फुकटचं.

सरांना ए-थ्री छपाई पाठवायची आहे. मूळ रॉ फाइली, जोडलेलं चित्र आणि कुठला भाग कुठल्या फोटोतून घेतला याची एक साधी टेक्स्ट फाइल, असं तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवलं आहे. सह्यांपैकी दोन अजून लागल्या नाहीत. गावातल्या एका आजींना फोटो मोठा करून दाखवायचा आहे, त्या ओळखतील असं सर म्हणतात.